जंताची गोळी : किती, किती दिवसांनी आणि नंतर काय

फेब्रुवारी आणि ऑगस्ट महिन्यांत अंगणवाडीत किंवा शाळेत मुलांना एक गोळी चावून खायला देतात. ती अल्बेंडाझोलची, ४०० मिलिग्रॅमची. केंद्र सरकारने २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला. १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना वर्षातून दोनदा, ठरावीक दिवशी, ही गोळी समोर उभं राहून खाऊ घालायची, अशी ही योजना आहे. मुख्य तारखा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. प्रत्यक्षात त्या पुढेमागे होतात, आणि त्या दिवशी जी मुलं राहून जातात त्यांच्यासाठी आठवडाभराने आणखी एक दिवस ठेवलेला असतो.

या गोळीबद्दल आईवडील तीनच प्रश्न विचारतात. माझ्या मुलाला किती द्यायची? परत केव्हा द्यायची? आणि दिल्यावर काय होईल? तिन्हींची उत्तरं एका गोष्टीतून निघतात : ही गोळी आतड्यात असलेले जंत काढते, नव्या जंतांना आत यायला अडवत नाही. एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं समजायला सोपं जातं.

मात्रा वजनावर का ठरत नाही

तापाचं औषध आपण मुलाच्या वजनाप्रमाणे देतो. इथे मात्र अडीच वर्षांच्या बारा किलोच्या मुलाला आणि पंधरा वर्षांच्या पन्नास किलोच्या मुलीला एकच गोळी. हे पाहून अनेक आयांना धास्ती वाटते.

कारण असं, की तापाच्या औषधाला रक्तात जाऊन काम करायचं असतं. अल्बेंडाझोल आतड्यातून रक्तात फार कमी शोषलं जातं. जंतांसाठी ते नेमकं सोयीचं आहे, कारण जंत आतड्यातच असतात आणि औषधाचा बराचसा भाग तिथेच त्यांच्या अवतीभवती राहतो. जंताच्या पेशींमध्ये ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनापासून बारीक नळ्या तयार होतात. या नळ्यांवाचून त्याला साखर शोषून घेता येत नाही. अल्बेंडाझोल त्या प्रथिनाला चिकटतं, नळ्या बनणं थांबतं, जंताची साठवलेली ऊर्जा संपत जाते आणि तो मरतो. माणसाच्या ट्युब्युलिनला हे औषध इतक्या घट्टपणे चिकटत नाही. त्यामुळे गोळी जंतावर चालते आणि मुलाला सहसा सोसते.

जी थोडी मात्रा रक्तात जाते तिचाच विचार करून सर्वांत लहान मुलांना अर्धी गोळी ठरवलेली आहे. नियम असा :

एक वर्षाच्या आतील बाळाला गोळी द्यायची नाही. १ ते २ वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, पूड करून पाण्यात मिसळून. २ ते ३ वर्षांच्या मुलाला पूर्ण गोळी, पण तीही पूड करून पाण्यातून. ३ वर्षांपुढे पूर्ण गोळी, नीट चावून आणि वर पाणी पिऊन.

खासगी डॉक्टर कधी पातळ औषध लिहून देतात. बाजारात सहसा मिळणाऱ्या बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम औषध असतं, आणि १० मिलिलिटरची अख्खी बाटली म्हणजे एक पूर्ण मात्रा. म्हणून दीड वर्षाच्या मुलाला त्यातलं निम्मं आणि तीन वर्षांच्या मुलाला सगळं. तरी बाटलीवरचं प्रमाण वाचून आणि बाटली चांगली हलवूनच द्यावं, कारण औषध तळाशी बसतं.

गोळी उपाशीपोटीच द्यायला हवी, असं नाही. शाळेत जेवणानंतर दिली तरी चालते. आधी उपास किंवा नंतर जुलाबासाठी एरंडेल, यांपैकी कशाचीही गरज नाही.

गोळी देताना खरा धोका कुठे असतो

लहान मुलांच्या बाबतीत औषधाहून गोळीचा आकार जास्त धोक्याचा. तोंड घट्ट मिटून रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून, डोकं मागे करून गोळी आत ढकलली, तर रडताना घेतलेल्या श्वासासोबत ती श्वासनलिकेत अडकू शकते. जगात काही ठिकाणी अशा जबरदस्तीने मुलं गुदमरून दगावली आहेत. म्हणून तीन वर्षांपर्यंत पूड करण्याचा नियम कसोशीने पाळायचा.

पूड करायची रीत साधी आहे. दोन स्वच्छ चमच्यांमध्ये गोळी ठेवून दाबायची, खडे राहिले का ते बोटाने चाचपायचं, मग थोडं पिण्याचं पाणी घालून कालवायचं. मुलाला मांडीवर सरळ बसवून चमच्याने थोडंथोडं पाजायचं. मूल रडत असेल तर थांबायचं. शांत झाल्यावर पुन्हा प्रयत्न करायचा, आणि त्या दिवशी जमलंच नाही तर पुढच्या ठरलेल्या दिवशी द्यायचं. गोळी आठवडाभर उशिरा मिळाल्याने काही बिघडत नाही.

त्या दिवशी मुलाला ताप, उलट्या किंवा दुसरं आजारपण असेल तर बरं झाल्यावर द्यावी. ज्या मुलाला पूर्वी झटके आले असतील, त्याच्या बाबतीत मात्र आधी डॉक्टरांशी बोलायला हवं. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी पोटात गेली, तर त्याच्या अळ्या कधीकधी मेंदूत जाऊन बसतात. अल्बेंडाझोलचा थोडा भाग तिथवर पोहोचला की त्या अळ्यांभोवती सूज येऊन झटका येऊ शकतो. असं फार क्वचित घडतं, पण ज्याला झटक्यांचा इतिहास आहे त्याची आधी तपासणी होणं शहाणपणाचं.

सहा महिनेच का

अनेकांना वाटतं, की गोळीचा असर सहा महिने टिकतो आणि मग उतरतो. तसं नाही. औषध काही दिवसांत शरीरातून पूर्ण निघून जातं. सहा महिन्यांचं अंतर ठरतं ते मातीतून नवे जंत पोटात भरण्याच्या वेगावर.

आपल्याकडे सापडणाऱ्या मोठ्या गोल जंताचं उदाहरण घेऊ. त्याची मादी वीत-दीड वीत लांब असते आणि दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. ती अंडी शौचातून बाहेर पडतात. उघड्यावर शौचाला गेल्यास किंवा मैला शेतात पडल्यास मातीत मिसळतात. ताजं अंडं कुणाला बाधत नाही. ओलसर, उबदार मातीत दोन-तीन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ राहिल्यावर त्यात अळी तयार होते आणि मगच ते संसर्ग करू शकतं. म्हणून जंत असलेल्या भावंडाच्या ताटात जेवल्याने हे जंत होत नाहीत. माती लागलेले हात, न धुतलेली भाजी किंवा अंगणात पडलेला पेरू उचलून खाणं, हे त्यांचे मार्ग. ओल्या मातीत ही अंडी वर्षानुवर्षं तग धरतात.

अंडं पोटात गेलं की अळी आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरते, यकृतामार्गे फुप्फुसात जाते, तिथून श्वासनलिकेने घशात येते आणि गिळली जाऊन पुन्हा आतड्यात उतरते. या प्रवासात काही मुलांना खोकला येतो. मग ती वाढून पूर्ण जंत होते. अंडं गिळल्यापासून मादी अंडी घालायला लागेपर्यंत दोन ते तीन महिने जातात.

आता एक महत्त्वाची गोष्ट. मोठा गोल जंत आणि हुकवर्म माणसाच्या आतड्यात पिल्लं काढून वाढत नाहीत. पोटात दहा जंत असतील तर दहा वेगवेगळी अंडी किंवा अळ्या बाहेरून आत आलेल्या आहेत. म्हणजे पोटातल्या जंतांची संख्या ही त्या मुलाने मातीतून किती वेळा संसर्ग घेतला याची बेरीज आहे. गोळी ही बेरीज पुसते आणि मोजणी पुन्हा सुरू होते. दोनचार जंतांनी मुलाला फारसं काही होत नाही. नुकसान होतं ते संख्या वाढली की : भूक मंदावते, पोट दुखतं, रक्त कमी होतं आणि अति झालं तर जंतांच्या गुंत्याने आतडंच तुंबतं. ही संख्या घातक होण्याआधीच खाली आणत राहायचं, हे वर्षातून दोन गोळ्यांमागचं गणित.

वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्र विचार केला तर गोळीनंतर सहा महिन्यांत मोठ्या गोल जंतांचं प्रमाण आधीच्या सुमारे दोन तृतीयांश इतकं परत आलेलं दिसतं आणि वर्षभरात ते जवळपास पहिल्याइतकं होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला यावरच उभा आहे. जिथे मुलांमध्ये जंतांचं प्रमाण २० टक्क्यांहून जास्त तिथे वर्षातून एकदा, आणि ५० टक्क्यांहून जास्त तिथे दोनदा. म्हणूनच काही राज्यांत एकच फेरी होते, तर काहींत दोन.

एका घरातला हिशोब

समजा, कोकणातल्या एका वाडीत एकत्र कुटुंबात चार मुलं आहेत. फेब्रुवारीतल्या गोळीच्या दिवशी एक बाळ आठ महिन्यांचं, दुसरा मुलगा सोळा महिन्यांचा, तिसरी मुलगी अडीच वर्षांची आणि चौथा नऊ वर्षांचा.

आठ महिन्यांच्या बाळाला काही द्यायचं नाही. सोळा महिन्यांच्या मुलाला अर्धी गोळी पूड करून. अडीच वर्षांच्या मुलीला पूर्ण गोळी, तीही पूड करून. नऊ वर्षांचा मुलगा शाळेत पूर्ण गोळी चावून खातो.

नऊ वर्षांच्या मुलाच्या पोटात त्या दिवशी मोठे गोल जंत आहेत असं धरू. तीन दिवसांत ते मरून बाहेर पडतात किंवा आतड्यातच विरघळतात. पण त्या दिवशी ज्या अळ्या अजून फुप्फुसात होत्या, त्यांच्यावर आतड्यातल्या एका मात्रेचा भरवशाचा परिणाम होत नाही. त्या दोन-एक आठवड्यांत खाली उतरतात. शिवाय त्याच संध्याकाळी तो परसात खेळतो आणि मातीच्या हाताने आंबट चिंच खातो. त्यातून एखादं अंडं आत जातं. मे महिन्याच्या सुमारास त्याच्या पोटात पुन्हा अंडी घालणारी मादी असू शकते. पावसाळ्यात अनवाणी चिखलात फिरताना हुकवर्मच्या अळ्या पायाच्या कातडीतून शिरू शकतात. ऑगस्टची गोळी हे सारं नव्याने जमलेलं ओझं उतरवते. फेब्रुवारीची गोळी कुचकामी निघाली म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा द्यावी लागते, असं मुळीच नाही.

ऑगस्टमध्ये मात्रा पुन्हा त्या दिवसाच्या वयावरून ठरवायची. बाळ आता चौदा महिन्यांचं झालं, त्याला पहिल्यांदा अर्धी गोळी. सोळा महिन्यांचा मुलगा बावीस महिन्यांचा, त्याला अजून अर्धीच. अडीच वर्षांची मुलगी तीन वर्षांची झाली, तिला चावता येत असेल तर चावून पूर्ण गोळी. येत नसेल तर पूडच बरी.

यादरम्यान कुणा डॉक्टरांनी मुलाला जंताचं औषध दिलं असेल तर अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना तसं सांगावं. दर महिन्याला किंवा मूल जेवत नाही म्हणून आपल्या मनाने गोळी देत राहण्यात काही फायदा नाही.

दोन आठवड्यांनी परत द्यायचे जंत

सहा महिन्यांचा हिशोब एका प्रकाराला लागू होत नाही. मूल रात्री झोपेत बूड खाजवतं, चिडचिड करतं, आणि टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर गुदद्वारापाशी सेंटीमीटरभर लांबीचे, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखे बारीक जंत वळवळताना दिसतात. हे पिनवर्म. शहरातल्या फ्लॅटमध्ये, मातीशी संबंध नसलेल्या मुलांनाही ते होतात.

यांना माती लागतच नाही. मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालते आणि ती अंडी काही तासांतच संसर्ग करण्याजोगी होतात. खाजवलं की नखांत, चादरीवर, खेळण्यांवर जातात आणि पुन्हा तोंडात. गोळी जंत मारते, पण अंड्यांवर तिचा भरवसा नाही. म्हणून पहिल्या मात्रेनंतर दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते. तोवर उरलेल्या अंड्यांतून निघालेले जंत गोळीच्या तावडीत सापडतात. डॉक्टर सहसा घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध देतात, कारण एकाकडून दुसऱ्याला ते फिरत राहतात. गरोदर बाई घरात असेल तर तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. नखं बारीक कापणं, सकाळी उठल्याबरोबर आंघोळ आणि चादरी, चड्ड्या गरम पाण्यात धुणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं. चादर झटकू नये, अंडी हवेत उडतात.

दुसरा अपवाद व्हिपवर्मचा. त्याचं पातळ डोकं मोठ्या आतड्याच्या भिंतीत रुतलेलं असतं. एका मात्रेने मोठ्या गोल जंतांचा संसर्ग दहापैकी नऊहून जास्त जणांत जातो, हुकवर्मचा सुमारे आठ जणांत, पण व्हिपवर्मचा दहापैकी तीनच्या आसपास. शौच तपासणीत तो सापडला आणि त्रास असेल, तर डॉक्टर रोज एक असा तीन दिवसांचा कोर्स देतात.

गोळीनंतर

बहुतेक मुलांना काहीच होत नाही. काहींना मळमळ, पोटात कळ, एखादी उलटी, सैल शौच, डोकेदुखी किंवा थकवा येतो. हे बहुधा त्याच दिवशी येतं आणि दिवसभरात ओसरतं. जंत जास्त असलेल्या मुलांना हा त्रास जास्त होतो. मुलाला सावलीत आडवं करावं, पाणी किंवा ओआरएस थोडंथोडं द्यावं. गोळीनंतर लगेच उलटी झाली तर स्वतःहून दुसरी देऊ नये, आरोग्य सेविकेला विचारावं.

दुसऱ्या दिवशी शौचात जंत शोधणारे पालक बहुतेकदा निराश होतात. मोठे गोल जंत मात्र दिसू शकतात, आणि तिसऱ्या दिवशीही पडू शकतात. हुकवर्म सेंटीमीटरभराचे आणि व्हिपवर्म केसासारखे. ते उघड्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. कित्येक मुलांच्या पोटात त्या दिवशी जंत नसतातच. त्यामुळे काही दिसलं नाही म्हणून गोळी लागू पडली नाही असं समजू नये. उलट एखादा जंत दिसला, अगदी उलटीतून बाहेर आला, तरी घाबरण्याचं कारण नाही.

घाई करायची ती वेगळी लक्षणं दिसल्यावर. पोट फुगून टणक होणं, कळ येऊन येऊन मूल कळवळणं, हिरवट-पिवळी उलटी, शौच आणि वारा दोन्ही बंद होणं, ही जंतांच्या गुंत्याने आतडं तुंबल्याची खूण असू शकते. तसंच अंगावर पित्त उठून चेहरा सुजला, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा झटका आला, तर तडक दवाखाना गाठावा.

आठवड्याभरात मूल गुटगुटीत होईल ही अपेक्षा धरू नये. ज्या मुलाच्या पोटात खरोखर बरेच जंत होते, त्याची भूक आणि वजन पुढच्या काही महिन्यांत सुधारू शकतं. पण गावातल्या सगळ्या मुलांना सरसकट गोळी दिल्यावर सरासरी वजनात फारसा फरक दिसत नाही, असं अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. कारण त्यातल्या पुष्कळ मुलांना जंत नव्हते किंवा थोडेच होते, आणि वजन न वाढण्यामागे अपुरं जेवण असतं. हुकवर्मने रक्त कमी झालं असेल तर गोळीने गळती थांबते, कमी झालेलं रक्त मात्र लोहाच्या औषधाने आणि आहारानेच भरून निघतं. झोपेत दात खाणं आणि गालावरचे फिकट डाग घरोघरी जंतांच्या नावावर जातात, पण त्यांचा जंतांशी संबंध सिद्ध झालेला नाही. गोळीनंतर ते तसेच राहिले तर तिसरी-चौथी गोळी देण्यापेक्षा डाग त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावेत.

गोळीनंतर महिनाभरानेही पोटदुखी, रक्ताचे जुलाब किंवा फिकटपणा राहिला, तर शौच तपासून घ्यावं. तपासणी गोळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी केली तरच तिचा अर्थ नीट लागतो. त्याआधी मरत्या जंतांची अंडी शौचात येऊ शकतात. तपासणीत कुठला जंत निघतो त्यावर पुढची मात्रा ठरेल : मोठा गोल जंत असेल तर पुन्हा एक गोळी, व्हिपवर्म असेल तर तीन दिवसांचा कोर्स, आणि काहीच सापडलं नाही तर पोटदुखीचं कारण दुसरीकडे शोधायचं.

दोन गोळ्यांमधल्या सहा महिन्यांत पोटातली बेरीज किती वाढेल हे मात्र घर ठरवतं. संडासचा वापर, जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने धुतलेले हात, पायात चपला, आणि काकडी-गाजर-कोथिंबीर धुऊनच ताटात, या चार गोष्टी जितक्या पाळल्या जातील तितकं पुढच्या गोळीला उतरवायचं ओझं हलकं राहील. एखाद्या गावात सगळ्यांनीच त्या पाळल्या आणि तपासणीत जंतांचं प्रमाण कमी झालं, की तिथे दोन गोळ्यांची एक होते, आणि पुढे तीही लागेनाशी होऊ शकते.